कंपनीच्या यादीत नसलेले दुकान नकाशावरून काढावे का?

प्रश्न: मी पुण्यातील एका चष्म्यांच्या साखळीची दुकाने ओपनस्ट्रीटमॅपवर तपासत आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर ‘जवळचे दुकान शोधा’ असे पान आहे. त्या यादीत नसलेली काही दुकाने नकाशावर आहेत, आणि एकदोन दुकाने दोन ठिकाणी दिसतात. यादीत नाही म्हणजे बंद झाले, असे धरून ती काढून टाकू का? आणि जी हलली आहेत त्यांचे काय करायचे?

उत्तर:

काढू नका. यादीत नाव नसणे ही चौकशी सुरू करण्याची खूण आहे, बंद झाल्याचा पुरावा नव्हे. कंपनीची यादी आणि नकाशा हे दोन्ही एकाच गोष्टीबद्दल बोलत असले तरी दोघांचे ज्ञान वेगवेगळ्या बाजूचे असते. यादीला दुकानाचा क्रमांक, पत्ता आणि फोन नीट ठाऊक असतो, पण दुकान रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे हे बहुधा ठाऊक नसते. नकाशाला जागा नीट ठाऊक असते, पण तेथे आज कोण बसले आहे हे तो तेव्हाच सांगू शकतो, जेव्हा कोणी तरी अलीकडे तेथून जाऊन नोंद केलेली असते. म्हणून जुळणी करताना दुकानाची ओळख यादीवरून पटवावी, जागा नकाशावरून ठरवावी, आणि दुकान चालू आहे की नाही हे मात्र यांपैकी कोणावरही न सोपवता प्रत्यक्ष पाहून ठरवावे.

प्रथम नकाशाची बाजू बाहेर काढा. ओव्हरपास टर्बो या ओपनस्ट्रीटमॅपमधील नोंदी शोधण्याच्या साधनावर साखळीचे नाव टाकून शोध घेण्याचा मोह होतो. मी तसे करत नाही. एकच नाव कोणी रोमन लिपीत, कोणी देवनागरीत, तर कोणी ‘ऑप्टिशियन्स’ हा शब्द जोडून लिहिलेले असते, आणि नेमकी तीच दुकाने शोधातून निसटतात. त्यापेक्षा त्या परिसरातील सर्व चष्म्यांची दुकाने, बंद म्हणून नोंदलेल्यांसह, एकदम उतरवून घ्यावीत:

```
[out:json][timeout:60][bbox:18.40,73.70,18.72,74.02];
(
  nwr["shop"="optician"];
  nwr["disused:shop"="optician"];
);
out meta center;
```

या चौकटीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचा बहुतेक भाग येतो. `meta` मुळे प्रत्येक नोंदीची आवृत्ती आणि शेवटच्या बदलाची तारीख मिळते. ही तारीख फसवी असते, हे आधीच लक्षात ठेवा. ती दुकान शेवटचे कधी पाहिले ते सांगत नाही, नोंदीला शेवटचा हात कधी लागला तेवढेच सांगते. घरी बसून कोणी फोन क्रमांकाच्या आधी `+91` जोडले तरी तारीख ताजी होते आणि तीन वर्षांपूर्वी बंद पडलेले दुकान टवटवीत दिसू लागते. त्यामुळे नोंदीचा इतिहास उघडून कोणत्या बदलात काय झाले ते पाहावे. `check_date` ही पाहणीची तारीख नोंदीत असेल तर तिला अधिक वजन द्यावे, कारण ती सहसा प्रत्यक्ष पाहणाऱ्याने घातलेली असते.

यादीच्या बाजूला आधी यादी पूर्ण मिळाली आहे का, हे पाहावे लागते. अशी पाने बहुतेक वेळा एका बिंदूभोवती ठरावीक अंतरातील दुकाने मागवतात आणि एका खेपेला ठरावीक संख्येपेक्षा जास्त देत नाहीत. शिवाजीनगर केंद्र धरून शोधले आणि निगडी, आकुर्डी, चिंचवड येथील सगळी दुकाने एकजात ‘गायब’ दिसली, तर कंपनीने पिंपरी-चिंचवडमधून गाशा गुंडाळला असे मानण्याआधी केंद्र तिकडे सरकवून पुन्हा मागवून पाहावे. खरी बंद झालेली दुकाने शहरभर विखुरलेली असतात. एका बाजूची सगळी दुकाने एका फटक्यात नाहीशी झाली, तर बहुधा मागवण्यातच खोट असते. ऑल द प्लेसेस हा प्रकल्प अशा अनेक साखळ्यांच्या याद्या नियमितपणे गोळा करून जिओजेसन स्वरूपात देतो. त्यात तुमची साखळी असेल तर कष्ट वाचतात, आणि जुन्या व नव्या दोन फेऱ्या शेजारी ठेवून कोणते दुकान कधी गळाले तेही कळते. पण संकेतस्थळाची रचना बदलली की त्यांचाही उतारा अर्धवट येऊ शकतो. तेव्हा वरची तपासणी तेथेही चुकत नाही.

आता यादीतील अक्षांश-रेखांश. यांच्याकडे मी संशयानेच पाहतो. एकाच आकड्यावर दोन-तीन दुकाने बसलेली दिसली, तर कोणी तरी पिन कोडवरून बिंदू काढला आहे असे समजावे. कोथरूडचा ४११०३८ हा पिन कोड इतका मोठा भाग व्यापतो की त्याच्या मध्यबिंदूवरून दुकान सापडणे अशक्य आहे. दशांश चिन्हानंतर तीनच आकडे असतील तर बिंदू शंभरेक मीटरच्या ठोकळ्यात कोठेही असू शकतो. चार आकडे असतील तर दहाबारा मीटरच्या. कधी अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झालेली असते, आणि मग पुण्याचे दुकान उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात सापडते. ते निदान लगेच लक्षात तरी येते.

याहून मोठी अडचण परवान्याची आहे. यादीतील बिंदू कंपनीने कोठून मिळवले हे आपल्याला कळत नाही. गुगलच्या सेवेने पत्त्यावरून काढलेले असतील तर ते ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आणता येत नाहीत, आणि गुगलचा नकाशा किंवा त्याची रस्त्यावरची छायाचित्रे पाहूनही तेथे नोंद करता येत नाही. ऑल द प्लेसेस आपला उतारा कोणत्याही अटीविना देत असला तरी मूळ यादीवरील हक्काचा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटत नाही. म्हणून कंपनीची लेखी परवानगी हाती नसेल आणि स्थानिक नकाशाकारांशी आधी चर्चा झाली नसेल, तर यादीतील माहिती घाऊक प्रमाणात ओतू नका. ‘येथे जाऊन पाहा’ एवढेच सांगणारी टिपणवही म्हणून ती वापरा. या प्रश्नात तेवढे पुरेसे आहे, कारण निर्णय शेवटी पाहणीवरच होणार आहे.

दोन्ही बाजू हाती आल्यावर जोड्या लावायच्या. सर्वांत भरवशाचा दुवा म्हणजे कंपनीचा दुकान क्रमांक, जो नकाशावर `ref` म्हणून असतो. तो नसेल तर फोन. फोन क्रमांक जुळवताना मोकळ्या जागा, शून्य आणि देशाचा संकेतांक काढून शेवटचे दहा आकडे तेवढे ताडून पाहावेत. यादीत जो क्रमांक एकाहून अधिक दुकानांना दिलेला आहे तो जुळणीतून बादच करावा, कारण तो ग्राहकसेवेचा असतो आणि त्याच्या आधाराने औंधचे दुकान हडपसरच्या दुकानाशी सहज जुळते. अंतर हा सर्वांत कच्चा दुवा आहे. वर म्हटल्याप्रमाणे यादीचा बिंदूच डळमळीत असतो, आणि लक्ष्मी रस्त्यासारख्या ठिकाणी एकाच साखळीची दोन दुकाने हाकेच्या अंतरावर असू शकतात.

यानंतर जे उरते तेच खरे काम. ते कसे सुटते हे चार नमुन्यांवरून दाखवतो. साखळीचे नाव देत नाही. ठिकाणे पुण्यातील धरली आहेत.

पहिला नमुना कोथरूडचा. नकाशावर दुकान कर्वे पुतळ्याजवळ आहे, तर यादीत त्याच क्रमांकाच्या दुकानाचा पत्ता डहाणूकर कॉलनीचा आहे. फोन तोच आहे. क्रमांक आणि फोन दोन्ही टिकून पत्ता तेवढा बदलला, तर दुकान हलले असा अंदाज बांधायला हरकत नाही. जागेवर गेल्यावर जुन्या गाळ्याचे शटर खाली असते आणि त्यावर नव्या पत्त्याचा फ्लेक्स लावलेला असतो. डहाणूकर कॉलनीत नवे दुकान चालू असते. येथे जुना बिंदू माउसने ओढून नव्या जागी नेण्याची पद्धत अनेक जण पाळतात, आणि नोंदीचा इतिहास दुकानासोबत जावा हा त्यांचा युक्तिवाद अगदीच चुकीचा नाही. दुकान त्याच संकुलात एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात गेले असेल तर मीही तेच करतो. पण दुकान दुसऱ्या वस्तीत गेले असेल तर जुना बिंदू जागेवरच राहू द्यावा आणि नवा वेगळा टाकावा, असे माझे मत आहे. बिंदू ओढून नेला की जुन्या जागी काहीच उरत नाही. मग जुना पत्ता हाताशी असलेला एखादा उत्साही माणूस सहा महिन्यांनी ते दुकान तेथे पुन्हा ‘भरतो’. तुम्हाला आढळलेल्या दुहेरी नोंदींतील काही अशाच उगवलेल्या असतील. जुन्या बिंदूवर पुढीलप्रमाणे लिहिले म्हणजे येथे कोणी तरी पाहून गेले आहे हे कळते:

```
disused:shop=optician
disused:name=(जुने नाव)
check_date=(पाहणीची तारीख)
```

`shop`, `name`, `brand`, `brand:wikidata`, `phone`, `website`, `opening_hours` आणि `ref` हे सर्व जुन्या बिंदूवरून काढावे. गाळ्याचा पत्ता मात्र राहू द्यावा, कारण गाळा कोठेही गेलेला नाही. नव्या बिंदूवर पाटीवरील नाव, वेळा आणि `branch` मध्ये शाखेचे नाव घालावे. ‘अमुक ऑप्टिशियन्स, कोथरूड’ असे सगळे `name` मध्ये कोंबू नये.

दुसरा नमुना बाणेरचा. दुकान नकाशावर आहे, यादीत नाही, आणि संकेतस्थळावर त्या दुकानाचे जे स्वतंत्र पान होते ते आता `404` देते. हा संकेत यादीतून नाव गळण्यापेक्षा एक पायरी बळकट आहे, कारण पान उडवण्यासाठी कोणाला तरी मुद्दाम काही करावे लागलेले असते. तरीही संपूर्ण संकेतस्थळ नव्याने बांधले गेले असेल तर सगळीच जुनी पाने `404` देतात, म्हणून चालू असल्याची खात्री असलेल्या एका दुकानाचे जुने पान उघडून ताडून पाहावे. जागेवर गेल्यावर तेथे मोबाईलचे दुकान निघते. अशा वेळी बिंदू पुसून दुसरा टाकण्याची गरज नाही. त्याच बिंदूवर `shop=mobile_phone` आणि नवे नाव घालावे. येथे एक चूक फार वेळा होते. नाव बदलले जाते, पण `brand:wikidata` मागे राहते. दिसायला नोंद बरोबर असते. मात्र नकाशा संपादनाच्या साधनातील तपासणी ब्रँडच्या त्या सांकेतिक क्रमांकावरून या दुकानाला पुन्हा जुन्या साखळीच्या साच्यात बसवण्याची सूचना करू शकते, आणि पुढचा माणूस विश्वासाने ती स्वीकारतो. दुकानाची जात बदलली की ब्रँड, फोन, संकेतस्थळ, वेळा आणि दुकान क्रमांक एकत्रच निघाले पाहिजेत.

तिसरा नमुना कॅम्पातील महात्मा गांधी रस्त्याचा. यादीत एक दुकान आहे, नकाशावर तीसचाळीस मीटरवर दोन बिंदू आहेत. दोघांचा इतिहास उघडला की उलगडा होतो: एक बिंदू पूर्वी कोणी पाटी पाहून टाकलेला, नेमक्या दारावर, दुसरा नंतर कोणी यादीवरून टाकलेला, रस्त्याच्या मधोमध. ठेवायचा तो पहिला, कारण त्याची जागा पाहून ठरलेली आहे. दुसऱ्यावरचा फोन किंवा वेळा पाटीशी जुळत असतील तर त्या पहिल्यावर घेऊन दुसरा पुसावा. एवढ्या चारांत पुसणे योग्य ठरते ते येथेच, कारण त्या दुसऱ्या जागी दुकान कधी नव्हतेच.

चौथा नमुना तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर देतो. विमाननगरच्या बाजूला एका रुग्णालयाच्या आवारात साखळीचे छोटे दुकान आहे, ते यादीत नाही आणि कधी नव्हतेही. जाऊन पाहिले तर ते चालू आहे. रुग्णालये, मॉल आणि मोठ्या कचेऱ्या यांच्या आत भागीदाराने चालवलेली दुकाने कंपनीच्या यादीत अनेकदा घेतली जात नाहीत. ‘यादीत नाही म्हणजे बंद’ हा नियम लावला असता तर एक चालते दुकान आपण नकाशावरून उडवले असते, आणि तेही वॉर्डातून खाली उतरून चष्म्याचे दुकान शोधणाऱ्या माणसासाठी. येथे फक्त `check_date` घालून पुढे जावे. उलट प्रकारही असतो: यादीत नाव झळकते आणि जागेवर ‘लवकरच येत आहोत’ असा पडदा लटकत असतो. तो उघडेपर्यंत नकाशावर दुकान म्हणून टाकू नये.

साखळी झपाट्याने आकसत असेल तर हिशेब थोडा बदलतो. कॅफे कॉफी डेची २०१९ च्या सुमारास देशभरात १,७०० हून अधिक कॅफे होती आणि २०२१ पर्यंत ती संख्या ६०० च्या आत आली. अशा काळात यादीतून गळालेले नाव बंद झाले असण्याचीच शक्यता जास्त, हे उघड आहे. तरीही घाऊक पुसणे तेथेही अंगाशी आले असते. एका कॅफेच्या जागी स्वयंपाकघर आणि बैठक तयार असल्याने दुसरे कॅफे येणे स्वाभाविक असते. तेव्हा `amenity=cafe` बरोबरच राहते आणि बदलायचे असते ते नाव व ब्रँड. शिवाय २०२० च्या टाळेबंदीत तात्पुरती बंद असलेली दुकाने याद्यांतून गेली आणि काही महिन्यांनी परतली. त्या वेळी ज्यांनी घाईने नकाशा साफ केला, त्यांच्यामागून इतरांना तो पुन्हा भरावा लागला.

प्रत्यक्ष जाणे शक्य नसेल तेव्हा फोन करावा. मात्र शाखेच्या नावाने दिलेला मोबाईल बऱ्याचदा व्यवस्थापकाचा असतो आणि त्याची बदली झाली की तो क्रमांकही त्याच्याबरोबर जातो. म्हणून ‘दुकान चालू आहे का?’ एवढेच विचारू नये. ‘आपण सध्या कोणत्या इमारतीत आहात, शेजारी काय आहे?’ असे विचारावे. उत्तर डळमळीत आले आणि जाणेही होत नसेल, तर नोंदीला हात न लावता नकाशावर त्या जागी एक टीप सोडावी: कंपनीच्या यादीत अमुक तारखेला हे दुकान दिसले नाही, जवळून जाणाऱ्याने पाहावे. पाहणीसाठी एव्हरी डोअर हे अ‍ॅप सोयीचे आहे. रस्त्याने चालत प्रत्येक दुकानावर खूण केली की ते `check_date` स्वतःच भरते. बदल जतन करताना एका भागाचे एकत्र जतन करावेत आणि शेऱ्यात पाहणी केल्याचे स्पष्ट लिहावे. पुढे कोणी शंका घेतली तर बंद झाल्याचे तुम्ही डोळ्यांनी पाहिले होते की यादीवरून ताडले होते, हे त्या शेऱ्यावरूनच ठरते.

हीच जुळणी कंपनीच्या बाजूने गुगलवर करायची असेल तर हललेल्या दुकानाबाबतचा नियम उलटा आहे. तेथे जुन्या नोंदीला ‘कायमचे बंद’ करून नवी उघडू नये, मालकाने आहे त्याच नोंदीचा पत्ता बदलावा, म्हणजे ग्राहकांचे अभिप्राय दुकानासोबत जातात. ओपनस्ट्रीटमॅपवर अभिप्राय नसतात, त्यामुळे तेथे जागेचा इतिहास जपणे अधिक मोलाचे ठरते.

आणखी एक. तुमच्या तुलनेत एखाद्या वेळी सगळीच दुकाने नवी आणि सगळीच जुनी बंद झाल्यासारखी दिसतील. असे झाले की पत्ते पाहा. पत्ते तेच असतील तर कंपनीने संकेतस्थळ बदलताना दुकानांना नवे क्रमांक दिले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. त्या वेळी आधी पत्ता आणि फोन यांवरून जुन्या व नव्या क्रमांकांचा तक्ता करावा, नकाशावरील `ref` त्याप्रमाणे बदलावेत, आणि मगच उरलेल्या दुकानांच्या मागे लागावे.